वर्गात ‘का?’ कोणाला विचारला जातो? एका तासाची मोजणी आणि एक गणित

पाठ्यपुस्तकातल्या चित्रात आई कायम चुलीपाशी आणि बाबा पेपर वाचताना, हे आता बहुतेक शिक्षकांच्या नजरेत भरते. महाराष्ट्रात बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात आई आणि बाबा दोघे मिळून भाजी निवडताना दाखवले, त्याची चर्चाही बरीच झाली. पण चित्र बदलले म्हणून तास बदलतोच असे नाही. शिक्षक कोणाला काय विचारतात, यातला भेद चित्रासारखा समोर दिसत नाही आणि शिकवणाऱ्याला तर सर्वांत कमी दिसतो, कारण त्याचे लक्ष शिकवण्यात असते. म्हणून सुधारणा करण्याआधी मोजायचे.

आमच्या गोव्यात पेडणे, डिचोली, सत्तरीकडच्या छोट्या मराठी प्राथमिक शाळांत तिसरी-चौथी एकत्र बसवलेली असते आणि तास बघायला मोकळा सहकारी मिळत नाही. अशा वेळी मोबाईलवर फक्त आवाज रेकॉर्ड करा. मुख्याध्यापकांना आधी सांगा, मोजणी झाली की फाईल पुसून टाका. मुलांना मोजायला बसवू नका, ती एकमेकांच्या चुका मोजू लागतात.

संध्याकाळी कागदावर बैठक काढा, प्रत्येक मुलाचा एक चौकोन. रेकॉर्डिंग ऐकताना ज्याला बोलायची संधी मिळाली त्याच्या चौकोनात एक अक्षर लिहा: पुस्तकातून वाचायला लावले तर ‘व’, एका शब्दाचे किंवा पाठ असलेले उत्तर असेल तर ‘उ’, आणि ‘का?’, ‘कसं काढलंस?’ असे विचारले असेल तर ‘का’. न विचारता ओरडून दिलेले उत्तर तुम्ही स्वीकारले असेल तर त्या अक्षराभोवती गोल करा. रागावल्याची खूण वेगळ्या रंगात आणि बेरजेच्या बाहेर ठेवा. ती बेरजेत धरली तर दंगेखोर मुलाला खूप संधी मिळाल्यासारखे दिसते.

समजा वर्गात २० मुले आहेत, ११ मुलगे आणि ९ मुली, आणि गणिताच्या एका तासात ४० वेळा कोणी ना कोणी बोलले. पटाच्या प्रमाणात मुलींच्या वाट्याला १८ संधी यायला हव्यात. मोजल्यावर निघाल्या १३. इथे घाईने निष्कर्ष काढू नका, चौकोन एकेक करून बघा. मुलग्यांच्या २७ पैकी १४ संधी पुढच्या बाकावरच्या दोघांनीच घेतल्या आहेत आणि त्यातल्या बहुतेकांभोवती गोल आहे. उरलेल्या ९ मुलग्यांना मिळाल्या १३. म्हणजे त्या दोघांना वगळले तर मुलगे आणि मुली अगदी बरोबरीत! आकडा इथेच सोडला तर ‘आपल्या वर्गात तसं काही नाही’ असे म्हणून मोकळे होता येईल.

आता अक्षरे बघा. मुलींच्या १३ मध्ये ‘व’ सात, ‘उ’ पाच, ‘का’ फक्त एक. पूर्ण तासात ‘का’ आठ वेळा आला, त्यातले चार त्या दोघांना आणि तीन इतर मुलग्यांना. वाचन स्वच्छ, अक्षर सुंदर म्हणून मुलींना वाचायला उठवायचे आणि विचार करायचा प्रश्न आला की मुलग्यांकडे वळायचे, हा आमच्याकडचा फार जुना आणि प्रेमाने होणारा पक्षपात आहे. चुकलेल्या उत्तरानंतर काय झाले तेही ऐका. मुलगी चुकली की ‘बस, कोण सांगेल?’ आणि मुलगा चुकला की ‘परत बघ, जमेल तुला’ असे ऐकू येत असेल तर तीही नोंद करा.

एकाच तासावरून स्वतःला दोषी ठरवू नका. एकाच विषयाचे तीन तास मोजा. इतक्या लहान आकड्यांत एखादा तास कसाही पडू शकतो, तीनही तासांत तेच दिसले तर ते खरे धरा.

सुधारणा ‘का’पासून सुरू करा, एकूण संधींपासून नाही. पाठ टाचणातच त्या तासाचे तीन ‘का’ प्रश्न लिहा आणि प्रत्येकापुढे नाव घाला. नावे ऐनवेळी निवडली तर नजर पुन्हा वर आलेल्या हातांकडेच जाते. प्रश्न विचारल्यावर मनात सावकाश तीनपर्यंत मोजा आणि मगच नाव घ्या. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात दाखवले की शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरे लांबतात आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागतात. बाकीच्या प्रश्नांसाठी आईस्क्रीमच्या काड्यांवर नावे लिहून डब्यातून काढा. मात्र काडी काढण्याआधी मुलांना शेजाऱ्याशी अर्धा मिनिट बोलू द्या, नाहीतर तयारी नसलेले मूल सगळ्यांसमोर उभे राहते आणि त्याला डब्याचीच भीती बसते.

आठवडाभरात ‘बाई, तुम्ही मुलींनाच विचारता’ अशी तक्रार येईल. ज्यांना जास्त मिळायची सवय असते त्यांना बरोबरीही कमीच वाटते. वाद घालू नका, त्या आठवड्याचा एखादा तास मोजून बघा. खरेच मुलींकडे झुकले असेल तर तेही कळेल.

पुस्तक मात्र आपल्या हातात नसते, प्रश्न असतो. पुस्तकात अशा धर्तीचे गणित आहे असे धरा: ‘एका शेतकऱ्याने १२०० चौरस मीटर जमीन दोन मुलग्यांत सारखी वाटली, प्रत्येकाला किती?’ नुसते मुलग्याच्या जागी मुलीचे नाव घालून फारसे काही साधत नाही. गोव्यात तर हे गणित कायद्यालाही धरून नाही. इथे पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्यात मुलगा आणि मुलगी सारखेच वारस आहेत, आणि लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता नवरा-बायको दोघांची असते.

म्हणून गणित असे मांडा: जमीन आई-बाबा दोघांची, बाबा वारले, मृत्युपत्र नाही, मुले तीन आणि त्यातली एक मुलगी लग्न होऊन सासरी गेलेली. निम्मी जमीन आईचीच, म्हणजे ६००. उरलेल्या ६०० चे तीन सारखे वाटे, प्रत्येकी २००. मग विचारा, ‘सासरी गेलेल्या मुलीचा वाटा का धरला?’ काही मुले ठामपणे म्हणतील की तिला मिळत नाही, कारण घरी त्यांनी तसेच पाहिलेले असते. बहिणीने आपला हक्क सोडून दिल्याची उदाहरणे गावात असतातच. कायद्यात काय आहे तेवढे सांगा आणि कोणत्याही मुलाच्या घरच्या वाटणीची चौकशी वर्गात करू नका. एखाद्याच्या घरी तोच खटला चालू असू शकतो.

हेच बाजाराच्या गणितांचे. म्हापशाच्या बाजारात मासळी विकणारी, दर ठरवणारी, सुटे पैसे मोजणारी बहुतेक बाईच असते. पुस्तकातला ‘रमेशने मासे विकले’ मुलांच्या डोळ्यांसमोरच्या व्यवहाराशी जुळत नाही. मुलांनाच विचारा, नफा कोण मोजतं? आणि तो प्रश्न एखाद्या मुलीकडे जाऊ द्या.

तीन आठवड्यांनी पुन्हा त्याच विषयाचे तीन तास मोजा आणि आधी ‘का’ची ओळ बघा. एकूण संधी वाढल्या पण मुलींच्या चौकोनांत अजून ‘व’च दिसत असेल, तर काड्या नीट चालल्या आणि टाचणातली नावे राहिली, असे समजा.