डान्स बारच्या खटल्यावरून ‘वाजवी निर्बंध’ कसे शिकवावेत

पहिल्यांदाच घटनात्मक कायद्याचं ट्युटोरियल घ्यायला उभे राहणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. मूलभूत हक्क हा विषय मुलांना पाठ असतो. अनुच्छेद १९ मधली स्वातंत्र्यं कोणती हे विचारलं की वर्गातला मागचा बाकही उत्तर देतो. गाडी अडते ती ‘वाजवी निर्बंध’ या शब्दांवर. कायद्याचा हेतू चांगला असेल तर निर्बंध वाजवी, असं बहुतेकांनी मनात धरलेलं असतं. ट्युटोरियलच्या तासाभरात ही एक समजूत हलवली तरी पुरे. व्याख्या लेक्चरमध्ये झालेल्या असतातच.

मी सुरुवात विड्यांपासून करतो. चिंतामण राव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य हा १९५० चा निकाल. शेतीच्या हंगामात मजूर मिळावेत म्हणून सागर जिल्ह्यातल्या काही गावांत विड्या वळायलाच बंदी घातली होती. शेतीला मजूर हवेत, यात वाईट काहीच नाही. पण शेतात कामाला जाऊच न शकणारी म्हातारी, अपंग, आजारी माणसंही त्या बंदीत सापडली. त्यांचे हात रिकामे ठेवून शेतीचा काय फायदा? सर्वोच्च न्यायालयाने कायदा रद्द केला, कारण निर्बंध गरजेपेक्षा कितीतरी पसरट होता. विड्यांबद्दल कुणाच्या भावना तीव्र नसतात, त्यामुळे हेतू आणि उपाय यांतलं अंतर मुलांना पटकन दिसतं. हे दिसल्याशिवाय पुढच्या खटल्याला हात घालू नका.

पुढचा खटला म्हणजे महाराष्ट्र राज्य विरुद्ध इंडियन हॉटेल अँड रेस्टॉरंट्स असोसिएशन, २०१३. राज्याने २००५ मध्ये मुंबई पोलीस कायद्यात कलम ३३अ आणि ३३ब घातली. ३३अ ने खाद्यगृहं, परमिट रूम आणि बिअर बारमधल्या नाचावर बंदी आणली. ३३ब ने नाट्यगृहं, क्लब, जिमखाने आणि तीन तारांकित किंवा त्यावरच्या हॉटेलांना त्या बंदीतून मोकळं ठेवलं. ही दोन्ही कलमं फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि मिनिटभर काही बोलू नका.

वर्ग लगेच दोन गटांत फुटतो. नाच वाईट की चांगला, यावर वाद पेटतो. तिथे थांबवायचं आणि हक्कापासून क्रमाने जायचं. कोणाचा कोणता हक्क? बारमालकाचा व्यवसाय आणि नाचणाऱ्या बाईचा रोजगार, दोन्ही १९(१)(जी) खाली. इथे कुणीतरी हमखास १९(२) काढतो, कारण त्यात ‘सभ्यता किंवा नीतिमत्ता’ हे शब्द आहेत. बेअर अ‍ॅक्ट उघडायला लावा. १९(२) भाषण-अभिव्यक्तीवरच्या निर्बंधांसाठी आहे. व्यवसायावरचा निर्बंध १९(६) खाली, ‘सर्वसाधारण जनतेच्या हितासाठी’ म्हणून तपासायचा. चुकीच्या पोटकलमावर बांधलेलं उत्तर पुढे कितीही चांगलं लिहिलं तरी टिकत नाही.

हा मुळात हक्कच नाही, जुगारासारखा व्यापाराबाहेरचा प्रकार आहे, असा युक्तिवाद राज्याने केला होता. न्यायालयाने तो मानला नाही. यावर जास्त वेळ घालवू नका. हक्कावर घाला दिसला की निर्बंध वाजवी आहे हे दाखवण्याचा भार राज्यावर जातो, एवढं इथे पक्कं करा.

आता खरा भाग. माझ्या एका तासातला संवाद जवळपास जसाच्या तसा देतो.

“सर, बायकांचं शोषण थांबवायचं होतं ना? मग बंदी बरोबरच आहे.”

“ठीक. शोषण कशातून होत होतं?”

“गिऱ्हाईक अंगचटीला येतात, नोटा उधळतात.”

“ते थांबवायला काय काय करता येईल? बंदी सोडून सांग.”

ती गप्प झाली, पण शेजारची म्हणाली, “मध्ये कठडा घालायचा. पैसे मॅनेजरकडे द्यायचे.”

या उत्तराची मी वाटच पाहत असतो, कारण निकालात नेमकं हेच आहे. सरकारनेच नेमलेल्या समितीने सुचवलं होतं की नाचाच्या जागेभोवती तीन फूट उंच कठडा असावा, कठड्यापासून गिऱ्हाइकांच्या खुर्च्या पाच फूट लांब असाव्यात, एका वेळी आठपेक्षा जास्त मुली नाचू नयेत आणि बक्षिसी व्यवस्थापनामार्फतच द्यावी. शिवाय अश्लीलता रोखणारे परवान्याचे नियम १९६० पासून होतेच. ते नीट राबवून पाहिले, समितीच्या सूचना अमलात आणल्या, तरीही उपयोग झाला नाही, असं राज्याला दाखवता आलं नाही. सौम्य उपाय हाताशी असताना सरसकट बंदी घातली आणि इथेच १९(६) चा आधार सुटला. बंदीने सुमारे ७५,००० बायकांचा रोजगार गेल्याचं न्यायालयासमोर होतं, आणि रोगापेक्षा इलाज भयंकर ठरला असं न्यायालयाने म्हटलं. ज्यांच्या संरक्षणासाठी म्हणून कायदा केला त्यांच्याच पदरात काय पडलं, हा प्रश्न मुलांना विचाराच. मला स्वतःला हा सगळ्या निकालातला सर्वात महत्त्वाचा भाग वाटतो.

आणि ३३ब? तोच नाच तीन तारांकित हॉटेलात चालतो आणि बिअर बारमध्ये माणूस बिघडवतो, हे गृहीतक न्यायालयाला मान्य झालं नाही. हा अनुच्छेद १४ चा मुद्दा. मुलं १४ आणि १९ एकाच परिच्छेदात कालवतात, आणि उत्तरपत्रिकेत गुण जातात ते बहुधा इथेच. दोन्ही वेगळे का ठेवायचे, हे पटवायला पुढचा इतिहास कामी येतो. २०१४ मध्ये राज्याने सूट काढून टाकली आणि बंदी सर्वांना लागू केली. इथे खडू खाली ठेवून विचारा, आता कायदा टिकेल का? भेदभावाचा आक्षेप बराचसा गेला. कठड्याचा प्रश्न मात्र जागच्या जागी आहे. सगळ्यांवर सारखी लादली म्हणून गरजेबाहेरची बंदी वाजवी होत नाही. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तरतुदीला स्थगिती दिली. मात्र स्थगिती म्हणजे अंतिम निकाल नव्हे, हेही वर्गात स्पष्ट सांगा. मुलं दोन्ही एकच समजून लिहितात.

एवढं झालं की हक्काच्या बाजूचा जोर चढतो आणि निर्बंध म्हणजे सरकारची दंडेली, असं उलटं चित्र तयार होतं. त्यावर उतारा २०१९ च्या निकालात आहे. राज्याने २०१६ मध्ये बंदीऐवजी अटी घालणारा नवा कायदा केला होता. न्यायालयाने त्यातली एकेक अट वेगळी तपासली. मी घरचा अभ्यास म्हणून पाच अटी देतो, निकाल न सांगता: संध्याकाळी सहा ते रात्री साडेअकरा एवढीच वेळ, नोटा उधळायला मनाई, शाळा-देवळांपासून एक किलोमीटर अंतर, आत सीसीटीव्ही, आणि नाचाच्या जागी दारूबंदी. प्रत्येक अटीपुढे तीन ओळी लिहायच्या: हेतू काय, अटीने तो साधतो का, याहून सौम्य काही चाललं असतं का.

पुढच्या तासाला उत्तरं जुळवून पाहायची. वेळेची अट आणि नोटा उधळायची मनाई टिकली, हातात बक्षिसी द्यायला मात्र मुभा राहिली. मुंबईसारख्या शहरात एक किलोमीटरची अट पाळणं जवळजवळ अशक्य म्हणून ती गेली. सीसीटीव्ही खासगीपणाच्या हक्कावर अडला. दारूची अटही रद्द झाली. ज्यांनी पाचही अटी ‘अन्यायकारक’ किंवा पाचही ‘योग्य’ लिहिल्या असतील, त्यांच्याकडून दुसरी आणि तिसरी ओळ वर्गात मोठ्याने वाचून घ्या. बहुतेक वेळा ती जागा कोरीच सोडलेली असते.