दुकानाच्या भाड्यावरचा जीएसटी: भाडेकरूंनी या चुका टाळाव्यात

जागामालकाची जीएसटी नोंदणी नाही, म्हणजे भाड्यावर कर नाही, असे अनेक दुकानदार अजूनही धरून चालतात. १० ऑक्टोबर २०२४ पासून हा समज चुकीचा ठरला आहे. नोंदणी नसलेल्या मालकाकडून नोंदणीकृत व्यावसायिकाने दुकान, कार्यालय किंवा गोदाम भाड्याने घेतले असेल, तर १८ टक्के कर भाडेकरूनेच रिव्हर्स चार्ज पद्धतीने सरकारकडे भरायचा असतो. कंपोझिशन योजनेतील, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणारे, व्यापारी १६ जानेवारी २०२५ पासून यातून वगळले आहेत, आणि भाडेकरूच नोंदणीकृत नसेल तर हा कर लागतच नाही.

समजा, एका हार्डवेअर दुकानदाराने एका निवृत्त गृहस्थांचा गाळा दरमहा ४०,००० रुपयांनी घेतला आहे. कर होतो ७,२०० रुपये, म्हणजे केंद्राचा आणि राज्याचा प्रत्येकी ३,६००. त्याच्या क्रेडिट लेजरमध्ये, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीच्या खात्यात, भरपूर शिल्लक असली तरी ती येथे वळती करता येत नाही. ही रक्कम चलनाने जीएसटी पोर्टलवरील रोख खात्यात, म्हणजे कॅश लेजरमध्ये, भरावी लागते आणि GSTR-3B या विवरणपत्रात 3.1(d) या ठिकाणी दाखवावी लागते. नेमकी हीच ओळ रिकामी राहते. भरलेल्या कराचे क्रेडिट त्याच विवरणपत्रात घेता येत असल्यामुळे ‘शेवटी हिशेब शून्यच’ असे म्हणून कर न भरण्याकडे कल असतो, परंतु उशीर झाल्यास वार्षिक १८ टक्के व्याज चुकत नाही. मालक बिल देऊ शकत नसल्याने भाडेकरूने स्वतःच्या नावे सेल्फ इनव्हॉइस ३० दिवसांच्या आत तयार करायचे असते. क्रेडिटचा आधार तेच आहे. करमाफ मालच विकणाऱ्याला मात्र क्रेडिट मिळत नाही, म्हणून त्याने भाडे ठरवतानाच हा कर खर्चात धरावा.

मालकांचीही एक चूक दिसते: नोंदणी नसताना भाडेपावतीवर १८ टक्के लावणे. तो अधिकार त्यांना नाही, त्यामुळे पावतीवर जीएसटी क्रमांक नसेल तर भाडेकरूने ती रक्कम देऊ नये. उलट, मालकाची सर्व मिळून वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली, तर त्याला नोंदणी करून कर स्वतःच आकारावा लागतो. ही मर्यादा प्रत्येक गाळ्याची वेगळी नसते, आणि राहत्या घराचे करमाफ भाडेही तिच्यात मोजले जाते. मालकाची नोंदणी झाली की भाडेकरूचा रिव्हर्स चार्ज थांबतो. अन्यथा एकाच भाड्यावर दोनदा कर भरला जातो.

राहत्या घराचा नियम वेगळा आहे. नोंदणी नसलेल्या कुटुंबाने राहण्यासाठी घेतलेल्या घरावर कर नाही. कंपनीने कर्मचाऱ्यासाठी फ्लॅट घेतला, तर मालक नोंदणीकृत असो वा नसो, १८ जुलै २०२२ पासून कंपनीला रिव्हर्स चार्ज लागतो. एकल मालकीच्या व्यावसायिकाने वैयक्तिक नावाने, स्वतःच्या राहण्यासाठी घेतलेले घर १ जानेवारी २०२३ पासून करमुक्त आहे, मात्र त्याचे भाडे फर्मच्या खर्चात टाकले की ही सवलत अडचणीत येते. म्हणून करारनामा स्वतःच्या नावावर आणि भाडे घरखात्यातून, असेच ठेवावे.