धीर धरायचा, पण तारीख ठरवून

सभासद बंधू-भगिनींनो,

आभाळ भरून येतं, चार सरी पडतात आणि वारा ढग घेऊन जातो. तेवढ्यात शेजारच्या रानात पेरणी सुरू झालेली दिसते आणि आपला जीव वर-खाली होतो. मळणीनंतरही तसंच. भाव आज पडला, उद्या आणखी पडेल या भीतीनं आपण माल घाईनं देऊन टाकतो. अशा वेळी नुसतं ‘धीर धरा’ म्हटल्यानं कुणालाच धीर येत नाही. कशाची वाट पाहायची आणि कुठवर पाहायची, हे आधी ठरलेलं असलं की येतो. आज सोयाबीनपुरतं का होईना, ते ठरवून उठू या.

आधी पावसाचं. एका वर्षी मी पहिल्याच सरींवर पेरलं होतं. माती वरून काळीभोर, ओलीचिंब दिसत होती. मग ऊन पडलं. पाचव्या दिवशी तासातली माती बोटानं उकरून पाहिली, तर दाणा फुगलेला, मोड जेमतेम बाहेर आलेला आणि त्याचं टोक तपकिरी पडलेलं. तिथंच वीतभर खणलं, तर खाली कोरडा फुफाटा. बियाणं गेलं आणि पेरणीची मजुरीही गेली.

असं का होतं, हे समजून घेतलं की थांबणं सोपं जातं. सोयाबीनच्या दाण्याला रुजायला स्वतःच्या वजनाच्या जवळपास निम्मं पाणी शोषावं लागतं. कोरड्या मातीत पडलेला दाणा काही दिवस तग धरतो, पण अर्धवट भिजून मोड आला आणि मग ओल तुटली, की तो दाणा परत उठत नाही. म्हणून हलका पाऊस हा कोरडेपणापेक्षाही फसवा.

सोयाबीनसाठी एकूण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीला हात घालू नये, हा नियम आपल्याला माहीत आहे. पण पर्जन्यमापकाच्या आकड्यावरच विसंबू नका. तासाभरात कोसळलेल्या पावसाचं बरंचसं पाणी उतारानं वाहून जातं. मापकात आकडा भरतो, जमिनीत ओल उतरत नाही. म्हणून शेतात चार-पाच ठिकाणी, उंचवट्यावर एक आणि सखलात एक धरून, वीतभर खोल खड्डा घ्या. तळाची माती मुठीत दाबा. लाडू बांधला गेला आणि अंगठ्यानं दाबताच मोकळा फुटला, तर वाफसा आला. बांधलाच गेला नाही, तर ओल खाली पोचलेली नाही. हाताला चिकटून राहिला, तर एखादा दिवस थांबा, कारण चिखलात पेरलेला दाणा वरच्या पापडीखाली गुदमरतो. बी तीन-चार सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नका.

थांबण्याचे हे दिवस रिकामे नसतात. घरच्या बियाण्यातले शंभर दाणे, निवडून नव्हे तर सरसकट, ओल्या गोणपाटावर ओळीनं मांडा आणि गुंडाळून सावलीत ठेवा. गोणपाट सुकू देऊ नका. आठवडाभरात सत्तरच्या पुढे धडधाकट मोड आले, तर नेहमीच्याच प्रमाणात पेरा. साठ ते सत्तरच्या दरम्यान असतील, तर त्या हिशेबानं बी वाढवा. साठच्या खाली असेल, तर ते बियाणं पेरू नका, कितीही जीव तुटला तरी. आणि पोती आपटू नका. सोयाबीनचं साल पातळ असतं, आपटलेल्या पोत्यातला दाणा दिसायला चांगला असला तरी पुष्कळदा उगवत नाही.

ज्यांच्याकडे जमीन बरीच आहे, त्यांनी सगळी पेरणी एका दिवसात उरकू नये. अर्धी पहिल्या भरवशाच्या वाफशावर, अर्धी आठवडाभरानं. पावसाचा एकच खंड दोन्ही अर्ध्यांना सारखाच बाधेल, असं क्वचितच होतं. पण थांबण्यालाही शेवट हवा. आपापल्या पेरणीची शेवटची तारीख आपण आजच ठरवू. त्या तारखेनंतर लवकर येणारं वाण किंवा दुसरं पीक. उशिरा पेरलेल्या लांब मुदतीच्या सोयाबीनला दाणे भरताना पाणी कमी पडतं आणि मग आपण आशेवर खर्च करत बसतो.

आता भावाचं. इथं धीर धरणं म्हणजे माल दाबून ठेवणं, असा आपला समज झालाय. तो हिशेबाला टिकत नाही. मळणीच्या वेळी मालात १४ टक्के ओलावा आहे आणि भाव १०० मिळतोय, असं धरू. माल वाळवून १० टक्क्यांवर आणला, तर १०० किलोचे साडेपंच्याण्णव किलो राहतात, कारण उडालेलं ते पाणी असतं. म्हणजे तेवढ्यासाठीच भाव १०५ च्या आसपास जायला हवा. वर साठवणूक, हमाली आणि अडकलेल्या पैशाचं व्याज महिन्याला दीड टक्का धरलं, तर चार महिन्यांचे सहा टक्के होतात. एकूण १११ भाव आला, तर आपण जिथल्या तिथे. चार महिन्यांनी १०८ मिळाले, तर सगळे म्हणतील भाव वाढला, आणि आपल्या हातात तीन कमीच पडलेले असतील.

हे मात्र खरेदीदार ओलाव्याची कपात करत नसेल तेव्हाचं. तो आधीच वजन किंवा भाव कापत असेल, तर वाळवून देणंच फायद्याचं, आणि मग नुसता थांबण्याचा खर्च भरून निघायला १०६ पुरेत. म्हणून ओलावा किती, हे आपल्याला त्याच्याआधी माहीत हवं. कोरड्या बरणीत कोरडं मीठ आणि मूठभर दाणे घालून हलवायचं, मीठ काचेला चिकटलं तर माल ओला, हा घरगुती ताळा ठीक आहे. पण तो १५ टक्क्यांच्या वरचाच ओलावा दाखवतो. साठवायचा माल १२ च्या खाली लागतो, आणि तिथं मापकाशिवाय गत्यंतर नाही. संस्थेनं एक ओलावामापक घ्यावा, हा माझा आग्रह आहे. मळणीच्या आठवड्यात तो गावभर फिरला पाहिजे.

माझं मत असं, की मालाचे तीन भाग करावेत. देणी भागतील एवढा पहिला भाग मळणीनंतर लगेच द्यावा, भाव कसाही असो. घेणेकरी दारात असताना कुणालाच नीट विचार करता येत नाही. दुसरा भाग आपल्या हिशेबाचा आकडा आला की, त्याच दिवशी. ‘अजून थोडं चढेल’ म्हणून तो ओलांडू नये. तिसरा भाग ठरलेल्या तारखेला, आकडा आला नाही तरी. असं केल्यानं सगळा माल वरच्या भावात जाणार नाही हे खरं, पण सगळा माल तळाच्या भावातही जाणार नाही. ठेवलेली पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचा. पंधरवड्यातून एकदा थप्पीच्या मधल्या पोत्यात हात घाला. आत ऊब लागली किंवा कुबट वास आला, तर तारखेची वाट पाहू नका, ती थप्पी त्याच दिवशी मोकळी करून वाळवा.

आता कागद घ्या. प्रत्येकानं स्वतःच्या शेताची पेरणीची शेवटची तारीख, थांबण्याचा महिन्याचा खर्च आणि तिसरा भाग विकायची तारीख लिहून सचिवांकडे द्यावी. ज्यांना हिशेब जमत नाही, त्यांच्या शेजारी मी बसतो.