वर्षश्राद्धाला आईला पत्र कसं लिहावं

कागद-पेन घ्या आणि श्राद्धाच्या आधीच लिहायला बसा. त्या दिवशी गुरुजी, पाहुणे, नैवेद्य यांत मुलीला निवांतपणा मिळत नाही. वर्षश्राद्ध तिथीने होतं आणि पहिल्या वर्षी तिथी तारखेच्या दहा-अकरा दिवस आधी येते. मध्ये अधिक महिना आला असेल, तर तारखेनंतर अठरा-एकोणीस दिवसांनी. तिथी आणि तारखेच्या मधल्या या दिवसांत आई तशीही सारखी मनात असते. पत्र तेव्हाच लिहावं.

मायना तुम्ही तिला हाक मारायचात तसा. नावामागे ‘कै.’ लावू नका, पत्र तिलाच लिहिताय. ‘वात्सल्यमूर्ती’, ‘मायेचा सागर’ हे शब्द वर्तमानपत्रातल्या पुण्यस्मरणाच्या चौकटीत राहू द्यात.

खरी अडचण येते ती आजारपणाशी. मीही पहिल्या पत्रात तिथेच अडकले होते आणि ज्या ज्या मैत्रिणींसोबत अशी पत्रं लिहायला बसले, त्या सगळ्या तिथेच अडकल्या. पेन टेकलं की दवाखाना सुरू होतो: कुठल्या दिवशी दाखल केलं, डॉक्टर काय म्हणाले, सलाईन, ऑक्सिजन. दोन पानं भरतात आणि पत्राचा केसपेपर होतो. ‘मन मोकळं होईपर्यंत लिहीत राहा’ असा सल्ला सगळे देतात. मला तो मुळीच पटत नाही. त्याने मुलगी पुन्हा त्या खाटेपाशी जाऊन बसते आणि पत्र तिथून हलत नाही.

यावर माझा एकच उपाय आहे. प्रत्येक वाक्यापाशी थांबून विचारा: हे आईला माहीत होतं का? असेल तर खोडा. एका मैत्रिणीने लिहिलं होतं, ‘शेवटच्या आठवड्यात तुला फार त्रास झाला गं.’ तो आईनेच सोसला होता. तिला काय सांगायचं? ते खोडल्यावर तिने बराच वेळ काही लिहिलं नाही. मग लिहिलं, ‘तू आत होतीस तेव्हा बाबा बाहेरच्या बाकावर तुझी चप्पल पिशवीत घालून बसले होते. मी मागितली तर दिली नाही.’ हे आईला कळायला मार्गच नव्हता. त्यानंतर वर्षभराचं आपोआप आलं: बाबा आता चहा स्वतः करतात, तुझ्या लोणच्याची शेवटची बरणी अजून उघडलेली नाही, धाकटीला नोकरी लागली.

भांडण राहून गेलं असेल, तर तेही लिहा, पण एकदाच आणि नेमकं: कशावरून झालं, तुम्ही काय बोललात, आज काय वाटतं. पानभर माफी मागत बसू नका.

शेवटी ती ज्या नावाने हाक मारायची, ते लिहून सही करा.

भावंडांना पत्र हातात द्या. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका; चारचौघांसाठी लिहायचं ठरलं की बाबांच्या चप्पलेचं वाक्य सगळ्यात आधी गळतं.