प्रॉक्सी युद्ध समजून घेताना या चुका टाळा

‘अमेरिकेने पैसा ओतला, मुजाहिदीन लढले, रशिया हरला.’ अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा आणि त्यांच्याविरुद्ध लढणारे अफगाण बंडखोर, म्हणजे मुजाहिदीन, यांच्यातल्या १९७९ ते १९८९ च्या युद्धाबद्दल बहुतेक चर्चा या एका वाक्यावर येऊन थांबतात. वाक्य अगदीच खोटं नाही, पण त्यात मधला माणूस गायब आहे, आणि प्रॉक्सी युद्धात, म्हणजे स्वतः न उतरता दुसऱ्याकडून लढवलेल्या युद्धात, सगळी गोम त्या मधल्या माणसातच असते.

पहिली चूक म्हणजे ‘पैसा कोणाचा?’ एवढंच विचारून थांबणं. पैसा अमेरिकेचा होता आणि सौदी अरेबियाने तेवढीच रक्कम स्वतःच्या खिशातून घातली. पण माल कराचीच्या बंदरात उतरला की पुढचा कारभार पाकिस्तानच्या आयएसआय या गुप्तचर संस्थेचा. शस्त्रं रावळपिंडीजवळच्या ओझरी कॅम्पच्या गोदामात जायची, तिथून पेशावर-क्वेट्टाला, मग अफगाण पक्षांच्या कोठारांत आणि शेवटी खेचरांच्या पाठीवरून डोंगरापलीकडे. कोणाला किती द्यायचं हे आयएसआय ठरवायची. पेशावरमध्ये तिची मान्यता असलेले सात पक्ष होते आणि सर्वांत मोठा वाटा त्यांपैकी एकाचा नेता गुलबुद्दीन हिकमतयारला मिळे. पंजशीर खोऱ्यात सोव्हिएत फौजांना जेरीस आणणाऱ्या अहमदशाह मसूदच्या वाट्याला त्या मानाने फारच थोडं येई, कारण तो पाकिस्तानचं ऐकणारा नव्हता. म्हणून आधी रस्ता कोणाच्या ताब्यात आहे ते बघावं, चेकवरची सही नंतर.

या मध्यस्थाची किंमतही जबर असते. १९८० मध्ये कार्टर सरकारने ४० कोटी डॉलर देऊ केले, तेव्हा पाकिस्तानचे लष्करशहा जनरल झियांनी ते ‘शेंगदाणे’ म्हणून झिडकारले. रेगन आल्यावर सौदा झाला ३२० कोटी डॉलरचा, शिवाय एफ-१६ विमानं विकत घेण्याची मुभा. पाकिस्तानच्या अणुकार्यक्रमाकडे काणाडोळा केला गेला, तो वेगळाच. ती विमानं काबूलसाठी नव्हती हे दिल्लीला सांगावं लागलं नाही.

दुसरी चूक ‘गुप्त’ या शब्दाची. गुप्त म्हणजे कोणाला माहीत नसलेलं, असं आपण धरतो. मॉस्कोला सगळं माहीत होतं. तरीही सुरुवातीची बरीच वर्षं सीआयए मुद्दाम सोव्हिएत बनावटीची किंवा त्यांच्या नकलेची शस्त्रं इजिप्त आणि चीनकडून घेत होती, म्हणजे एखादी कलाश्निकोव्ह पकडली गेली तरी ‘ती तुमच्याच सैनिकांकडून लुटलेली’ म्हणता येईल. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवण्यात पैसा आणि स्वतःचे जवान वाचतात हे खरंच, पण दोन्ही बाजूंकडे अणुबॉम्ब असताना मोठा फायदा असा, की समोरच्यालाही न बघितल्यासारखं करता येतं. अमेरिकेने उघड कबुली दिली असती, तर क्रेमलिनला उत्तर देणं भाग पडलं असतं. झियांनाही हेच हवं होतं: सोव्हिएत सैन्याला त्रास व्हावा, पण त्याने पाकिस्तानवर चालून यावं इतका नव्हे.

तिसरी चूक जरा चिकट आहे. खांद्यावरून डागायच्या स्टिंगर या अमेरिकी विमानविरोधी क्षेपणास्त्रामुळे युद्धाचा निकाल लागला, असं अनेक जण ठामपणे सांगतात. सप्टेंबर १९८६ मध्ये जलालाबादजवळ स्टिंगरने पहिल्यांदा सोव्हिएत हेलिकॉप्टरं पाडली आणि त्यानंतर वैमानिकांना उंचावरून उडावं लागलं, हे मान्य. पण सोव्हिएत नेता गोर्बाचेव्हने माघारीचा विषय पॉलिटब्युरो या पक्षाच्या सर्वोच्च मंडळापुढे १९८५ च्या ऑक्टोबरातच काढला होता. शस्त्राने किंमत वाढवली. निघायचं तर आधीच मनात होतं. प्रॉक्सी युद्धात एखाद्या हत्याराला श्रेय देण्याआधी निर्णयाची तारीख तपासून बघावी.

शेवटची चूक, लढणाऱ्याला कळसूत्री बाहुली समजणं. १९८५ मध्ये हिकमतयार न्यूयॉर्कला गेला आणि रेगनची भेट घ्यायला त्याने चक्क नकार दिला. ज्याच्या शस्त्रांवर जगायचं त्याच्यासोबत फोटोसुद्धा नको! पोशिंद्याला शत्रू संपवायचा असतो, लढणाऱ्याला गादी हवी असते. शत्रू निघून जाईपर्यंत हा फरक झाकलेला राहतो, इतकंच.

तो गेल्यावर काय झालं ते पाहा. १५ फेब्रुवारी १९८९ ला शेवटची सोव्हिएत तुकडी परतली. काबूलमधला मॉस्कोधार्जिणा राष्ट्राध्यक्ष नजीबुल्लाह फार दिवस टिकणार नाही, अशी कुजबुज होती. आयएसआयच्या आग्रहाने मार्चमध्ये जलालाबादवर हल्ला झाला आणि तो सपशेल फसला. मॉस्कोतून इंधन, धान्य, पैसा येत होता तोवर काबूल टिकून राहिलं. १९९२ च्या जानेवारीपासून तो ओघ बंद झाला, सरकारच्या बाजूने लढणाऱ्या उत्तरेतल्या दोस्तम या सेनापतीने बाजू बदलली आणि एप्रिलमध्ये सरकार कोसळलं. तोवर खुद्द सोव्हिएत संघ नकाशावरून गेला होता. अमेरिकेने पाकिस्तानची मदतही १९९० मध्येच थांबवली होती. ज्या अणुकार्यक्रमाकडे दहा वर्षं काणाडोळा केला, तो तेव्हा अचानक दिसू लागला. मग काबूलसाठी हिकमतयार आणि मसूद एकमेकांवर तुटून पडले, त्याच दशकात जमवलेल्या रॉकेटांनी.