पॉडकास्टच्या गप्पांत जीरावनाची जाहिरात कशी बसवायची

आमचा मराठी पॉडकास्ट इंदूरच्या रामबागेतल्या एका खोलीत रेकॉर्ड होतो. बोलायचं काम माझ्या मामेबहिणीचं, म्हणजे ताईचं. लिहिणं आणि कापाकापी माझ्याकडे. पहिला प्रायोजक मिळाला तो जीरावन, म्हणजे पोह्यांवर भुरभुरवायचा इंदुरी मसाला, बनवणारा एक छोटा व्यापारी. त्यांनी हिंदीत मजकूर पाठवला, मी तो इमानेइतबारे मराठीत उतरवला, ताईने वाचला. भाग ऐकून मावशीचा फोन आला, "अगं, मधेच ती कोण बाई बोलली?"

बाई ताईच होती. वाक्य होतं, "आपल्या परिवारासाठी शुद्धतेचा आणि स्वादाचा अनमोल खजिना." ताईच्या तोंडून मी जन्मात 'परिवार' ऐकलेलं नाही, ती 'घरचे' म्हणते. इंदुरात ही अडचण नेहमीची आहे. मजकूर हिंदीत येतो आणि त्याचं भाषांतर केलं की शब्द मराठी होतात, बोलणारी व्यक्ती मात्र परकीच राहते. म्हणून आता आम्ही भाषांतर करतच नाही. काय करतो ते त्याच जीरावनाच्या दुसऱ्या जाहिरातीवरून सांगते.

आधी मालकांना फोन

आलेला मजकूर बाजूला ठेवायचा आणि मालकांना विचारायचं, "गिऱ्हाईक परत येतं ते काय म्हणत येतं?" 'क्वालिटी' हे उत्तर पहिल्यांदा येणारच. ते सोडून द्यायचं आणि गप्पा चालू ठेवायच्या. दहाव्या मिनिटाला त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. त्यांच्या जीरावनात काळं मीठ जरा जास्त असतं. आणि ते 100 ग्रॅमच्या पुड्याच विकतात, कारण मोठं पाकीट उघडं राहिलं की वास उडतो. जाहिरात यातून होते. त्यांच्या मजकुरात 'पचनाचे सर्व विकार दूर' असंही होतं. ते काढलं. खाण्याच्या वस्तूबद्दल असा दावा पुराव्याशिवाय करता येत नाही, आणि तो ताईच्या आवाजात गेला तर जाब तिलाही विचारला जातो.

मग वस्तू घरात वापरायची, निदान चार दिवस

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2022च्या नियमांप्रमाणे शिफारस करणाऱ्याचं मत खरं, अलीकडचं आणि पुरेशा माहितीवर किंवा अनुभवावर आधारलेलं असावं लागतं. नियम नसता तरी मी हेच सांगितलं असतं, कारण वापरल्याशिवाय बारकावा मिळत नाही. ताईचे पहिल्या दिवशीचे पोहे खारट झाले. ही तक्रार मुद्दाम ठेवली. जाहिरातीतला माणूस खोटा वाटतो तो सगळंच गोड बोलतो म्हणून.

लिहायचं नाही, आधी बोलायचं

कागद समोर आला की ताईचा आवाज शाळेतल्या भाषणासारखा होतो. म्हणून माइक चालू करून मी तिला विचारलं, "कसं निघालं गं जीरावन?" ती तीनेक मिनिटं बोलली. त्यातलं मी शब्दशः उतरवलं, तिचे 'हं', 'बरं का'सकट, आणि मग छाटलं. ती मिनिटाला साधारण 120 शब्द बोलते, तेव्हा एका मिनिटाच्या जाहिरातीला फार तर तेवढेच. वाक्यं तिचीच ठेवायची, मी फक्त क्रम बदलला आणि दोनदा आलेलं एकदा केलं. तयार झालं ते असं:

"थांबा हं, इथे एक जाहिरात आहे. आजच्या भागाचे पैसे अमुक मसालेवाल्यांनी दिलेत. त्यांनी जीरावनाची पुडी पाठवली, मी ती रीतसर पोह्यांवर घातली, आणि पोहे झाले खारट. चूक माझी. काळं मीठ यात जरा पुढे आहे, तेव्हा पोह्यांत मीठ कमी टाका. खरी गंमत रात्री झाली. काकडी चिरली होती, तिच्यावर हेच भुरभुरवलं. आमच्याकडे काकडीला हात न लावणारा एक माणूस आहे, नाव नाही घेत, तर त्याने बशी संपवली. शंभर ग्रॅमचीच पुडी करतात, कारण उघडी राहिली की वास उडतो. दुकान मल्हारगंजात आहे, बाहेरगावी कुरिअरने पाठवतात, नंबर भागाच्या वर्णनात दिलाय. अमुक मसालेवाले. झाली जाहिरात. तर, वाड्याची किल्ली कोणाकडे होती ते सांगत होते मी."

फोन नंबर बोलून दाखवायचा नाही. स्कूटरवर ऐकणारा दहा आकडे लिहून घेत नाही, आणि आकडे वाचताना प्रत्येकाचा आवाज सपाट होतोच.

'जाहिरात आहे' हे सुरुवातीलाच उघड सांगायचं. जाहिरात मानक परिषदेच्या 2021च्या मार्गदर्शक सूचनांत ऑडिओसाठी ही सूचना सुरुवातीला आणि शेवटी ऐकू यावी असं म्हटलं आहे. नैसर्गिक वाटावं म्हणून जाहिरात गप्पांत लपवणं वेगळं, आणि ते करू नये. कळलं की ऐकणारा चिडतो. 'झाली जाहिरात' हे ताईचं आपलं वाक्य. नियमही पाळला जातो आणि पुढच्या गोष्टीकडे वळताही येतं.

जागा

आमचा भाग 40 मिनिटांचा. जाहिरात पहिल्या दहा मिनिटांत घेत नाही, कारण ऐकणारा तोवर गोष्टीत शिरलेला नसतो. एक प्रसंग संपून प्रश्न उघडा राहतो तिथे ती ठेवते. या भागात वाडा विकला जायच्या दिवशी किल्लीच हरवलेली होती, तिथे थांबलो. त्याच्या जरा आधी आजोबांच्या शेवटच्या आजारपणाचा भाग होता. तिथे काकडी चालली नसती. प्रसंग जड असेल तर पाच मिनिटं पुढे सरका, त्या भागात जागाच नसेल तर प्रायोजकाला पुढचा भाग द्या.

रेकॉर्डिंग शक्यतो त्याच बैठकीत करायचं, ताई गोष्ट सांगता सांगताच. दुसऱ्या दिवशी केलं तर माइकचं अंतर बदलतं, पंख्याची घरघर बदलते, आणि शब्द कितीही आपले असले तरी कानाला जोड कळतो.

मालकांची मंजुरी

ठरवून टाकलं आहे की मालक माहिती दुरुस्त करतील, वाक्यं नाही. हे पैसे घेण्याआधी बोलायचं. 'पोहे खारट' ऐकून ते बिचकले. मी म्हटलं, "काका, मीठ कमी टाका असं सांगितलं नाही तर गिऱ्हाईक हीच तक्रार तुमच्याकडे करेल." त्यांना नाव पाच वेळा हवं होतं, दोनवर तोडलं: एकदा सुरुवातीला, एकदा शेवटी.

तपासायचं कसं

जाहिरातीच्या आधीचं एक मिनिट आणि नंतरचं एक मिनिट धरून ऐका, डोळे मिटून. आवाज चढला, वेग वाढला किंवा हसू चिकटवल्यासारखं वाटलं तर ते वाक्य वाचलं गेलंय. एडिटरमध्ये लहरींकडे बघूनही कळतं. बोलताना थांबे लहानमोठे पडतात, वाचताना सारखे. पहिल्या जाहिरातीत ताईचे थांबे फूटपट्टीने आखल्यासारखे होते.

मालकांना हेच रेकॉर्डिंग पुढच्या तीन भागांत हवं होतं. एकदा चाललं, दुसऱ्यांदा मावशी म्हणाली, "काकडीवाला आला." तेव्हापासून मुद्दे तेच ठेवतो आणि ताईला दर भागात नव्याने बोलायला लावतो. गेल्या खेपेला तिने पेरूवर घातलं होतं.