खरिपाच्या उधारीचं एजिंग: जालन्यात पहिली तीन वर्षं काम करताना कळलेलं

बी.कॉम. झाल्यावर मी जालन्यातल्या एका कीटकनाशक आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या वितरकाकडे हिशोबाला लागलो. आमचे ग्राहक म्हणजे भोकरदन, अंबड, परतूर, घनसावंगी भागातली कृषी सेवा केंद्रं. माल जूनमध्ये जायचा आणि पैसे कधी येतील ते पावसावर ठरायचं. पहिल्या मार्चअखेरीला सीए साहेबांनी सांगितलं, "येण्याचं एजिंग काढ आणि तरतूद किती लागेल ते सांग." एजिंग म्हणजे येणं किती जुनं आहे ते दाखवणारा तक्ता, आणि तरतूद म्हणजे त्यातलं जे बुडेल असं वाटतं तेवढी नफ्यातून आधीच बाजूला धरलेली रक्कम. मी कॉलेजात शिकलो होतो तसा तक्ता केला: ० ते ३० दिवस, ३१ ते ६०, ६१ ते ९० आणि ९० च्या वर. जवळजवळ अर्धं येणं शेवटच्या रकान्यात जाऊन बसलं. पुस्तकातल्या उदाहरणासारखं त्यातलं निम्मं बुडीत धरलं, तर वर्षाचा नफाच संपत होता. शेठ म्हणाले, "अरे, हे सगळे दरवर्षी देतात. आपण सरसकट दोन टक्के धरतो." दोन्ही चूक होतं. का चूक होतं, ते समजायला मला तीन हंगाम लागले.

आमच्याकडे बिलावर ९० दिवसांची मुदत छापलेली असते. पण दुकानदाराला शेतकऱ्याकडून पैसा मिळतो तो सोयाबीन निघाल्यावर, म्हणजे दिवाळीच्या आसपास, आणि कापूस विकल्यावर, म्हणजे संक्रांतीपर्यंत. उरलेलं तुरीवर आणि पाडव्यावर जातं. त्यामुळे ९० दिवसांवरचं बिल इथे आजारी नसतं, ते फक्त हंगामाची वाट बघत असतं. म्हणून मी दिवसांचे रकाने सोडले आणि हंगामाचे केले: चालू बिलं म्हणजे ऑक्टोबर ते मार्च, नुकताच गेलेला खरीप, त्याआधीचा खरीप, आणि त्याहून जुनं. कंपनी असेल तर ताळेबंदाच्या टिपेत देय तारखेपासून सहा महिन्यांच्या आतलं, सहा महिने ते एक वर्ष, मग एक ते दोन, दोन ते तीन आणि तीन वर्षांवरचं, अशी विभागणी द्यावीच लागते. ती वेगळी द्या, पण तरतुदीचा विचार हंगामाने करा.

तक्त्याआधी खातं साफ करायला हवं, आणि खरा वेळ तिथेच जातो. टॅलीत ग्राहकाची पावती टाकताना ती कोणत्या बिलापोटी आली ते `Agst Ref` ने दाखवायचं असतं. वसुलीला फिरणारी पोरं फोनवर फक्त "अमक्याचे ५० हजार आले" एवढंच सांगतात, मग ऑपरेटर कोणत्याच बिलाशी न जोडता `On Account` टाकून मोकळा होतो. परिणाम असा, की जुनं बिल जसंच्या तसं थकीत दिसतं आणि जमा रक्कम खाली वेगळी पडून राहते. खात्याची बाकी बरोबर असते, एजिंग मात्र साफ खोटं असतं. ओळखायची खूण सोपी: एकाच खात्यात जुनी थकीत बिलंही दिसतात आणि न जुळवलेली जमाही.

मग मोह होतो, की सगळी जमा जुन्या बिलापासून ओळीने वळती करून टाकावी. मीही केली. त्यात एक मौल्यवान खूण पुसली गेली. परतूरच्या एका दुकानदाराने ऑगस्टपासूनची सगळी बिलं फेडली होती, पण जुलैचं एक ८६ हजारांचं बिल मुद्दाम सोडलं होतं. त्या मालाबद्दल त्याची तक्रार होती. ओळीने जुळवल्यावर ते बिल फिटलेलं दिसलं, शेवटचं बिल थकीत दिसलं आणि वाद कागदावरून गायब झाला. ग्राहकाने कोणत्या बिलाचे पैसे ते सांगितलं असेल तर तसंच जुळवायचं, कायदाही तेच म्हणतो. त्याने काहीच सांगितलं नसेल, तरच ओळीने.

तिसरी गोष्ट परत आलेल्या मालाची. हंगाम संपला की न विकलेल्या बाटल्या परत येतात, आणि योजनेची सूटही मिळायची असते. ही रक्कम ग्राहकाच्या बाकीतून कमी करणारी क्रेडिट नोट निघायला उशीर झाला की तेवढी रक्कम थकबाकी म्हणून उभी राहते. बऱ्याच खात्यांत बिलाच्या साधारण सारख्याच टक्क्याची वेडीवाकडी रक्कम उरलेली दिसली, तर ते बुडीत नसतं. ती आपण न दिलेली सूट असते. यंदा आधीच्या खरिपाचं येणं आधी ७ लाख ४० हजार दिसत होतं. क्रेडिट नोटा टाकल्यावर ते ५ लाख झालं.

आता उशीर किती, हे कसं मोजायचं? येणं भागिले विक्री गुणिले ३६५ हे सूत्र आमच्यासारख्या हंगामी धंद्यात फसवं आहे. सप्टेंबरअखेर काढलं तर घाबरवतं, मार्चला काढलं तर सुखावतं. त्याऐवजी प्रत्येक जमा रकमेला तिच्या दिवसांचं वजन द्या. २० जूनचं एक लाखाचं बिल घ्या. ३० हजार २५ ऑक्टोबरला आले, म्हणजे १२७ दिवसांनी. ५० हजार १५ जानेवारीला, २०९ दिवसांनी. उरलेले २० हजार १० मार्चला, २६३ दिवसांनी. रकमा `D` मध्ये आणि दिवस `E` मध्ये लिहिले, की:

```
=SUMPRODUCT(D2:D4,E2:E4)/SUM(D2:D4)
```

उत्तर येतं साधारण १९५ दिवस. म्हणजे छापील मुदतीपेक्षा १०५ दिवस उशीर. बँकेच्या कॅश क्रेडिटचं व्याज काढताना शेठना हाच आकडा लागतो. फक्त एक लक्षात ठेवा: या हिशोबात फिटलेली बिलंच येतात. जे अजून आलेलंच नाही, ते सरासरीत धरलं जात नाही, म्हणून खरा उशीर यापेक्षा जास्तच असतो.

तरतुदीसाठी मी जुन्या हंगामांचा माग काढला. २०२१, २०२२ आणि २०२३ चे खरीप घेतले आणि प्रत्येकाच्या १०० रुपयांच्या बिलांपैकी त्यानंतरच्या प्रत्येक ३१ मार्चला किती उरले ते लिहिलं. सरासरी अशी निघाली: पहिल्या मार्चला १२ रुपये, दुसऱ्या मार्चला ३, तिसऱ्या मार्चला १ रुपया ८० पैसे. त्यातले आणखी ३० पैसे कसेबसे येतात, तेव्हा शेवटी बुडतो दीड रुपया.

इथून पुढचा हिशोब एका भागाकाराचा आहे. बुडणारा दीड रुपया तोच राहतो, पण आपण ज्या टप्प्यावर उभे आहोत तिथे उरलेली रक्कम बदलते. नव्या बिलावर दीड भागिले १००, म्हणजे दीड टक्का. पहिल्या मार्चला दीड भागिले १२, म्हणजे साडेबारा टक्के. दुसऱ्या मार्चला दीड भागिले ३, म्हणजे निम्मं. तिसऱ्याला सुमारे ८३ टक्के. हे टक्के कुठल्या पुस्तकातून आले नाहीत, आमच्याच खतावणीतून आले. सीए साहेबांसमोर टिकले ते त्यामुळेच.

यंदाच्या ३१ मार्चला चालू बिलं ४२ लाख होती, तरतूद ६३ हजार. २०२५ च्या खरिपाचे १६ लाख, तरतूद २ लाख. २०२४ च्या खरिपाचे ५ लाख, तरतूद अडीच लाख. त्याहून जुने ३ लाख, तिथेही अडीच लाख. एकूण ६६ लाख येण्यावर ७ लाख ६३ हजार. शेठच्या दोन टक्क्यांनी १ लाख ३२ हजार झाले असते, आणि माझ्या पहिल्या वर्षीच्या पद्धतीने १२ लाखांच्याही वर.

पण इथे थांबता येत नव्हतं. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात उभी पिकं पाण्यात गेली. खरिपाची बिलं ८० लाखांची होती आणि त्यातले १६ लाख, म्हणजे शंभरातले २० मार्चला शिल्लक होते. सरासरी तर १२ ची. मग साडेबारा टक्के पुरतील का? मी तिन्ही हंगाम सुटे करून पाहिले. २०२३ ला ऑगस्ट कोरडा गेला होता, आणि त्या खरिपाचे पहिल्या मार्चला १९ रुपये अडकले होते. बाकी दोन वर्षांत ८ आणि ९. पण शेवटी बुडाले ते २०२३ चे १ रुपया ९० पैसे, आणि बाकीच्यांचे १ रुपया ३० पैसे. म्हणजे वाईट वर्षात अडकलेल्या रकमेतला बुडणारा वाटा १० टक्केच, आणि चांगल्या वर्षात १४ ते १६. पहिल्यांदा मला हे उलटं वाटलं. कारण साधं आहे: चांगल्या वर्षातही जो देत नाही, त्याची अडचण पावसाची नसते. वाईट वर्षात देऊ शकणारेही थांबतात आणि पुढच्या पिकावर फेडतात. उशीर आणि बुडणं या वेगळ्या गोष्टी आहेत, एकावरून दुसरीचा अंदाज बांधू नका. तरीही मी दर १० वर आणला नाही. कोरड्या वर्षात जमीन जागेवर राहते, पण या पुरात काही गावांत मातीच खरवडून गेली. तीन हंगामांच्या आकड्यांत असा पूर नव्हताच, म्हणून साडेबारा ठेवले आणि कारण फाइलमध्ये लिहिलं.

१६ लाखांत २ लाख ४० हजार भोकरदनकडच्या एका बंद पडलेल्या दुकानाचे होते. अशा खात्याला सरासरी लावायची नसते. ते बाजूला काढून मी त्यावर ७५ टक्के धरले, कारण दुकानदाराच्या भावाने हप्ते लिहून दिले होते, पण पहिलाच चुकला होता. तेव्हा सीए साहेबांनी माझी एक चूक दाखवली: "बंद दुकानं तू वेगळी काढलीस, पण जुन्या हंगामांच्या दीड रुपयात तशी दुकानं आहेतच की. मग दोनदा मोजलंस." मागच्या हंगामांतूनही बंद दुकानं वगळून दर पुन्हा काढले, ते थोडे उतरले, आणि तरतूद ८ लाख ६० हजारांच्या आसपास स्थिरावली.

शेठना दोन गोष्टी आधीच सांगून ठेवा, नाहीतर नंतर राग तुमच्यावर निघतो. आयकरात या तरतुदीची वजावट मिळत नाही, पुस्तकातून रक्कम खरोखर निर्लेखित केली तरच मिळते. आणि बुडालेल्या बिलावर भरलेला जीएसटी परत येत नाही. कीटकनाशकावर तो १८ टक्के आहे, त्यामुळे तरतूद जीएसटीसह पूर्ण बाकीवर काढायची.

शेवटच्या रकान्यातल्या ३ लाखांचं काम मात्र तक्त्याबाहेरचं आहे. उधारीच्या मालाचा दावा मुदत संपल्यापासून तीन वर्षांत करावा लागतो. २०२३ च्या जूनमधल्या बिलाची ९० दिवसांची मुदत सप्टेंबरमध्ये संपली, तेव्हा ते बिल २०२६ च्या सप्टेंबरमध्ये कालबाह्य होतं. त्याआधी दुकानदाराने बाकी मान्य असल्याची लेखी सही दिली, तर तीन वर्षं त्या सहीपासून नव्याने मोजली जातात. म्हणून तक्त्यात मी आता एक जादा रकाना ठेवतो: शेवटच्या सहीची तारीख. एप्रिलमध्ये तो पाहिला तेव्हा अकरा खात्यांत तो कोरा होता. बाकी मान्य असल्याची पत्रं छापून मी स्वतःच अंबडच्या बाजूला निघालो. पहिल्या दिवशी सात सह्या झाल्या, आणि एका दुकानदाराने सहीबरोबर दहा हजारांचा चेकही दिला.